आजी विसरतात, की त्यांना ऐकूच आलेले नसते?

सून स्वयंपाकघरातून सांगते, "आई, सात वाजता गॅस बंद करा हं." आई "हो" म्हणतात. साडेसातला करपल्याचा वास येतो आणि आई शांतपणे सांगतात, "तू आठला म्हणाली होतीस." घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर असा एखादा प्रसंग तुमच्याकडेही घडला असेल. दोन-चार वेळा असे झाले की घरातले आपसात म्हणू लागतात, "आई हल्ली विसरायला लागल्या."

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. विसरभोळेपणाची तक्रार घेऊन थेट माझ्याकडे फारसे कोणी येत नाही. पण दुसऱ्या डॉक्टरांकडून फिरून आलेल्या ज्येष्ठांमध्ये काही जण असे असतात, ज्यांच्या "विसरण्याचा" बराचसा भाग कानातून सुरू झालेला असतो. अशाच एका आजींच्या निमित्ताने हा विषय नीट समजून घेऊ. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय ७३, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आयुष्यभर गणित शिकवलेले. मुलगा आणि सून त्यांना घेऊन आले तेव्हा सोबत एक फाइल होती. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांची ३० गुणांची स्मरणचाचणी झाली होती आणि त्यात त्यांना २० गुण मिळाले होते. "स्मृतिभ्रंशाची सुरुवात दिसते," असे सांगून मेंदूचा एमआरआय करायला सुचवले होते. घरात बँकेच्या सह्या यापुढे कोण करणार, इथपर्यंत चर्चा पोचली होती.

मी फाइलमधला चाचणीचा कागद वाचला. १०० मधून ७ वजा करत जा, असा एक प्रश्न त्यात असतो. बरोबर उत्तरे ९३, ८६, ७९ अशी येतात. आजींची उत्तरे लिहिलेली होती ९२, ८४, ७६, ६८, ६०. पाचही चूक, पाच गुण गेले.

पण ही उत्तरे पुन्हा एकदा वाचा. आजींनी दर वेळी बिनचूक आठ वजा केले होते. त्यांना "सात" ऐवजी "आठ" ऐकू आले होते.

लक्षात ठेवायला सांगितलेल्या तीन शब्दांपैकी "पान" हा शब्द त्यांनी "कान" असा म्हटला होता. तिथे एक गुण गेला आणि नंतर आठवण विचारली तेव्हा त्यांनी पुन्हा "कान" सांगितले, तिथे आणखी एक. म्हणजे जे ऐकले ते त्यांनी व्यवस्थित लक्षात ठेवले होते! चौकशी केली तेव्हा मुलगा म्हणाला की खोलीत डोक्यावर पंखा चालू होता आणि प्रश्न विचारणाऱ्यांनी मास्क लावला होता. आजी चेहरा पाहून अर्धे बोलणे समजून घेत असाव्यात, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

"ऐकू येते, पण समजत नाही"

वयामुळे येणारा बहिरेपणा सगळे आवाज सारखे कमी करत नाही, आणि घरच्यांची फसगत नेमकी इथेच होते. आपल्या अंतर्कर्णात शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो, कोक्लिया. त्याच्या आत आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात. शंखाच्या तोंडाजवळच्या केसपेशी उंच पट्टीचे, बारीक आवाज टिपतात आणि वयानुसार आधी त्याच झिजतात. आतल्या टोकाच्या, खालच्या पट्टीच्या केसपेशी बरीच वर्षे टिकतात. मेलेल्या केसपेशी पुन्हा तयार होत नाहीत.

आता आपली भाषा पाहा. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि जोरकस असतात. स, श, फ, ख यांसारख्या व्यंजनांची ओळख उंच पट्टीत असते आणि ती नाजूक असते. त, प, क यांच्यातला फरक तर एका बारीकशा फुटकाऱ्यावर ठरतो. त्यामुळे उंच पट्टी गेलेल्या कानाला "ताट", "पाट" आणि "खाट" यांत फक्त मधला "आ" स्पष्ट पोचतो, बाकीचे अंदाजाने भरायचे. अशी व्यक्ती म्हणते, "मला ऐकू येतंय, पण तुम्ही लोक नीट बोलत नाही." तिचे म्हणणे तिच्या दृष्टीने खरेच असते. दाराची कडी वाजलेली तिला कळते, कुकरची शिट्टी कळते. मग घरचे म्हणतात, "हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं."

याच झिजेचा आणखी एक परिणाम होतो. हळू आवाज मुळीच पोचत नाही, पण आवाज एका मर्यादेपलीकडे गेला की तो एकदम मोठा आणि त्रासदायक वाटतो. "काय?" म्हणून विचारले म्हणून तुम्ही जोरात सांगता, आणि लगेच ऐकून घ्यावे लागते, "ओरडतेस कशाला?" यात स्वभावाचा दोष नाही, अंतर्कर्णाची घडणच अशी बिघडलेली असते.

आजींच्या उजव्या कानात मळाचा घट्ट गोळा होता, तो आधी काढला. घरच्या घरी काडीने किंवा तेल ओतून हे करायला जाऊ नका, मळ आणखी आत जातो. मग ऑडिओलॉजिस्टने आवाजबंद खोलीत श्रवणचाचणी केली. वेगवेगळ्या पट्टीचे सूर हळूहळू कमी करत, कोणता सूर किती डेसिबलला ऐकू येतो हे त्यात मोजतात. उजव्या कानाचे आकडे ५०० हर्ट्झला ३०, १००० ला ३५, २००० ला ५० आणि ४००० ला ६५ डेसिबल असे आले. चारही आकड्यांची सरासरी ४५. डाव्या कानाची सरासरी ४८ च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २० पेक्षा कमी सरासरी म्हणजे चांगले ऐकू येणे, आणि ३५ ते ५० म्हणजे मध्यम बहिरेपणा. खालच्या पट्टीतले ३० आणि वरच्या पट्टीतले ६५ यांत किती अंतर आहे ते पाहा. "सात"चा "आठ" याच अंतरात होतो.

तुमच्या घरातल्या ज्येष्ठांची चाचणी झाली, तर अहवालातली एकच सरासरी पाहून थांबू नका. आलेख उजवीकडे किती उतरतो आहे, ते समजावून सांगायला सांगा.

न ऐकू येणे मेंदूपर्यंत कसे पोचते

आतापर्यंत आपण चाचणीत झालेल्या गैरसमजाबद्दल बोललो. पण प्रश्न तेवढ्यावर संपत नाही. बहिरेपणा अनेक वर्षे तसाच राहिला तर स्मरणशक्ती आणि विचारशक्ती खरोखर लवकर उतरते का?

अमेरिकेत बाल्टिमोर येथे वाढत्या वयाचा दीर्घकाळ अभ्यास चालू आहे. त्यातल्या ६३९ जणांची माहिती २०११ साली प्रसिद्ध झाली. सुरुवातीला यांपैकी कोणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. साधारण बारा वर्षांच्या काळात, चांगले ऐकू येणाऱ्यांच्या तुलनेत सौम्य बहिरेपणा असलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंश होण्याचा धोका सुमारे दुप्पट, मध्यममध्ये तिप्पट आणि तीव्रमध्ये जवळपास पाचपट दिसला. त्यानंतर इतर ठिकाणच्या अनेक अभ्यासांतही संबंध दिसला, मात्र सगळीकडे तो इतका मोठा नव्हता.

इथे थोडे थांबायला हवे. दोन गोष्टी बरोबरीने आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे होत नाही. मधुमेह आणि रक्तदाब बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतात, आणि त्या रक्तवाहिन्या कोक्लियातही असतात, मेंदूतही. म्हणजे दोन्हींचे मूळ एकच असू शकते. तरीही बहिरेपणातून मेंदूकडे जाणाऱ्या दोन वाटा संशोधकांना संभाव्य वाटतात.

पहिली वाट श्रमाची. १९६८ साली इंग्लंडमध्ये पॅट्रिक रॅबिट यांनी चांगले ऐकू येणाऱ्या लोकांवर प्रयोग केले. खरखरीतून ऐकवलेले शब्द आणि आकडे लोकांना ओळखता येत होते, तरीही नंतर ते कमी आठवले. ओळखण्यातच इतकी ताकद खर्च झाली की साठवायला पुरेशी उरली नाही. उंच पट्टी गेलेल्या माणसाच्या कानाला अशी खरखर दिवसभर असते. "आ...ी, डॉ...रांकडे उ...ा जायचंय" एवढेच पोचते आणि बाकीचे मेंदू संदर्भावरून, ओठ पाहून, अंदाजाने भरतो. वाक्य कळते, पण तासाभराने आठवत नाही. संध्याकाळपर्यंत हे लोक थकून गेलेले असतात. आजी सांगत होत्या, "पाहुणे गेले की डोकं जड होतं, काही बोलू नये असं वाटतं."

दुसरी वाट एकटेपणाची. ही मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती घरातल्यांना दिसू शकते आणि तरीही दिसत नाही.

ही वाट एका दिवसात कोणी चालत नाही. आजींच्या बाबतीत आधी फोन सुटला. फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून त्या भावाचा फोन आला की "बोल, तूच बोल" म्हणत सुनेच्या हातात द्यायच्या. मग भिशी सुटली. दहा-बारा बायका एकदम बोलतात, हसतात, आणि कशावर हसल्या ते कळत नाही. एकदा एकीच्या घरी दुःखद बातमी सांगितली जात असताना आजी हसल्या. त्या दिवसानंतर त्यांनी गुडघ्याचे कारण पुढे केले आणि जाणे बंद केले. लग्नकार्यात त्या कोपऱ्यातली खुर्ची धरून बसू लागल्या. समोर येईल त्याला हसून "हो, हो, छान" म्हणायचे. शेवटी त्यांच्यासाठी टीव्हीच उरला, तोही इतक्या मोठ्या आवाजात की बाकीचे उठून दुसऱ्या खोलीत जात.

दुसऱ्या बाजूने घरही हळूहळू बदलत होते. तीनदा सांगायचा कंटाळा येतो, म्हणून "काही नाही, राहू दे" हे शब्द घरात रुळतात. नातवाची शाळेतली गंमत आजीपर्यंत पोचत नाही. निर्णय झाल्यावर कळवले जातात. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण दिवसाला चार-पाचशे वाक्यांची देवाणघेवाण करणारे माणूस वीस-पंचवीस वाक्यांवर येते. नावे आठवणे, जुना संदर्भ जोडणे, उत्तराला उत्तर देणे हे सगळे गप्पांमध्ये आपोआप होत असते, आणि गप्पा थांबल्या की तेही थांबते. काही ज्येष्ठ चिडचिडे होतात. काहींना वाटू लागते की घरचे आपल्याबद्दलच कुजबुजत आहेत, कारण त्यांना कुजबुज तेवढी दिसते, शब्द ऐकू येत नाहीत.

मग यंत्र लावले की स्मृतिभ्रंश टळतो का?

या प्रश्नाचे उत्तर मी काळजीपूर्वक देतो. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या लाखो लोकांच्या माहितीवर आधारलेला एक मोठा अभ्यास गाजला होता. यंत्र न वापरणाऱ्या बहिऱ्या लोकांमध्ये धोका जास्त आणि वापरणाऱ्यांमध्ये तो नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षाच्या शेवटी तो मागे घेण्यात आला. संगणकावर माहिती भरताना यंत्र वापरणारे आणि न वापरणारे यांची अदलाबदल झाली होती! मागे घेतल्याची बातमी मात्र मूळ बातमीइतकी पसरली नाही. "मशीन लावा, स्मृतिभ्रंश टाळा" असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर हे लक्षात असू द्या.

त्यापेक्षा भरवशाचा अभ्यास त्याच वर्षी अमेरिकेतून आला. अचीव्ह हे त्याचे नाव. ७० ते ८४ वयाच्या, बहिरेपणावर उपचार न घेतलेल्या ९७७ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला श्रवणयंत्रे आणि ऑडिओलॉजिस्टचे मार्गदर्शन मिळाले, दुसऱ्याला आरोग्यविषयक सल्ल्याच्या बैठका. तीन वर्षांनी दोन्ही गटांची विचारशक्ती मोजली. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा फरक दिसला नाही.

पण या ९७७ जणांमध्ये दोन प्रकारचे लोक होते. बहुतेक जण जाहिरात वाचून स्वतः आलेले, तब्येतीने ठणठणीत होते. त्यांची स्मरणशक्ती तीन वर्षांत फारशी उतरलीच नाही, मग यंत्राने वाचवायचे काय? उरलेले २३८ जण हृदयविकाराच्या एका जुन्या अभ्यासातले होते. त्यांचे वय जास्त होते, मधुमेह आणि रक्तदाबाचे प्रमाण जास्त होते आणि घसरणही वेगाने चालू होती. या गटात यंत्र वापरणाऱ्यांची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी कमी होती. हा एका उपगटातला निष्कर्ष आहे, त्यामुळे तो पक्का मानायला अजून अभ्यास लागतील. शिवाय यात स्मृतिभ्रंश टळला असे दिसलेले नाही, चाचण्यांमधली घसरण मंदावली एवढेच दिसले आहे.

याच अभ्यासात दिसलेली आणखी एक गोष्ट मला कमी महत्त्वाची वाटत नाही. यंत्र वापरणाऱ्यांच्या संपर्कातली माणसे तीन वर्षांत कमी घटली. सरासरी हिशेब केला, तर दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांच्याकडे एक जास्तीचे माणूस टिकून राहिले.

माझे मत असे की स्मृतिभ्रंशाची भीती घालून कोणाला यंत्र घ्यायला लावू नये. आज समोरच्याचे बोलणे कळावे, एवढे कारण यंत्रासाठी पुरेसे आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असेल आणि स्मरणशक्ती उतरायला लागली असेल, तर मात्र उशीर करू नये.

घरी फरक कसा ओळखाल

एक साधी गोष्ट करून पाहा. टीव्ही, पंखा, मिक्सर बंद करा. उजेडात, समोरासमोर, हातभर अंतरावर बसा. तीन गोष्टींचा एक निरोप सांगा, उदाहरणार्थ उद्या सकाळी कोण येणार, कशासाठी आणि सोबत काय आणणार. लगेच तोच निरोप त्यांना परत म्हणायला सांगा. चुकला तर पुन्हा सांगा किंवा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि वाचून घ्या. निरोप नीट पोचला याची खात्री झाल्यावर अर्ध्या तासाने विचारा.

पोचलेला निरोप त्यांना आठवत असेल आणि रोजचे "विसरणे" गोंगाटात, पाठमोऱ्या बोलण्यात किंवा दुसऱ्या खोलीतून सांगितल्यावरच होत असेल, तर आधी कान तपासा. नीट वाचलेला निरोपही पुनःपुन्हा पुसला जात असेल, किंवा नेहमीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, सवयीचा पदार्थ करताना क्रम विसरणे असे काही दिसत असेल, तर ते बहिरेपणाने होत नाही. तिथे मेंदूविकार तज्ज्ञ किंवा फिजिशियन हवेत, आणि कानांची तपासणी त्याबरोबरीने. दोन्ही एकाच वेळी असू शकते, तसे ते बऱ्याचदा असतेही. ही घरगुती परीक्षा निदान करत नाही, फक्त कोणत्या दारी आधी जायचे ते सांगते.

स्मरणचाचणी ठरली असेल तर तिथे जाण्यापूर्वी कानातला मळ तपासून घ्या, यंत्र असेल तर ते लावून जा आणि "यांना कमी ऐकू येते, समोर पाहून बोला" हे आधीच सांगा.

एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणे कमी झाले तर मात्र वाट पाहू नका. त्यावर स्टिरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात. तसेच एकाच कानाचा बहिरेपणा, कानातून पू येणे किंवा सोबत चक्कर असेल, तर थेट यंत्राच्या दुकानात न जाता आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

यंत्र कपाटात का जाऊन बसते

श्रवणयंत्र चष्म्यासारखे नसते. चष्मा लावला की लगेच दिसते. यंत्र लावल्यावर पहिल्या दिवशी भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, स्वतःच्याच आवाजाचा घुमारा असे सगळे एकदम अंगावर येते. मेंदूला हे आवाज वर्षानुवर्षे मिळालेले नसतात. त्यातले कोणते दुर्लक्षित करायचे हे त्याला पुन्हा शिकावे लागते, आणि त्याला काही आठवडे लागतात. पहिल्या चार दिवसांत कंटाळून यंत्र डबीत गेले की बहुतेक वेळा ते तिथेच राहते.

आजींना आम्ही दोन्ही कानांना यंत्रे दिली आणि पहिला आठवडा फक्त शांत खोलीत, रोज दोन-तीन तास, एकाच माणसाशी बोलायला सांगितले. दुसऱ्या आठवड्यात टीव्हीच्या बातम्या, तिसऱ्यात जेवणाच्या वेळी सगळ्यांसोबत. भिशी अगदी शेवटी. ऑडिओलॉजिस्टने कानात बारीक नळी घालून यंत्राचा आवाज पडद्याजवळ प्रत्यक्ष किती पोचतो ते मोजले आणि तीन भेटींमध्ये जुळवणी केली. ही मोजणी सगळीकडे केली जात नाही, तुम्ही स्वतःहून विचारा. सगळे आवाज सरसकट वाढवणारी स्वस्त यंत्रे बाजारात मिळतात, त्यांनी "आ" आणखी मोठा होतो आणि "स" तसाच हरवलेला राहतो.

बऱ्याच डिजिटल यंत्रांमध्ये ते रोज किती वेळ लावले गेले याची नोंद राहते. पहिल्या महिन्याची आजींची नोंद रोज सरासरी दीड तासाची निघाली, घरी मात्र "दिवसभर लावते" असे सांगितले जात होते. चौकशीत कळले की उजवे यंत्र शिट्टी मारत होते आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. कानातली रबरी टोपी एका आकाराने मोठी दिल्यावर शिट्टी थांबली. यंत्राच्या तोंडाशी मळ अडकणे, पावसाळ्यात ओलावा शिरणे, ही नेहमीची कारणे आहेत. रोज कोरड्या ब्रशने पुसा आणि रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

खर्चाची अडचण असेल तर कमी उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्राचा समावेश आहे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही तपासणी आणि यंत्रांची सोय आहे.

यंत्र लावल्यानंतरही बोलण्याची पद्धत बदलावी लागते. आधी नावाने हाक मारा, त्यांनी पाहिले की मग बोला. आवाज चढवू नका, वेग कमी करा. एकदा कळले नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला. "सात वाजता" कळले नाही, तर "आरतीच्या वेळेला" म्हणा.

आता आजींच्या चाचणीकडे. मळ काढल्यावर, यंत्रे येण्याआधी, आमच्या फिजिशियन सहकाऱ्यांनी ती शांत खोलीत पुन्हा घेतली. आजींच्या कानांना आवाज वाढवणारे हेडफोन लावले होते, आणि सरावाने गुण वाढू नयेत म्हणून शब्द वेगळे वापरले. २० चे २६ झाले. १०० मधून ७ च्या वजाबाकीत एकच चूक झाली, आणि त्यावरही त्या स्वतःवर चिडल्या. पण तीनपैकी दोन शब्द त्यांना नंतर आठवले नाहीत, तारीखही चुकली. हे कानाचे नव्हते. रक्तात बी-१२ कमी निघाले, ते भरून काढायला सुरुवात केली. एमआरआय तेव्हा लांबणीवर टाकला आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले.

सहा महिन्यांनी गुण २६ च होते. वाढले नाहीत, कमीही झाले नाहीत. यंत्राची नोंद रोज नऊ तासांची होती. भिशीला त्या पुन्हा जाऊ लागल्या होत्या, पण मागच्या रांगेत न बसता बोलणाऱ्यांच्या समोर. भावाचा फोन आता त्या स्वतः घेतात, मोबाइल यंत्राला जोडून. शब्द आठवण्यातली उणीव आहे तशीच आहे, म्हणून दर सहा महिन्यांनी स्मरणचाचणी आणि वर्षातून एकदा श्रवणचाचणी असे ठरवले आहे. बँकेच्या सह्या अजून त्याच करतात.